त्रिकोणासनातला गुडघा: प्रोग्राम म्हणतो ठीक, काकू म्हणतात चूक

शहापूरकर_निखिल

नमस्कार मंडळी. माझ्या काकू इथं शहापुरात घराच्या माडीवर योगाचा वर्ग घेतात. निम्म्या बायका मराठी, निम्म्या कन्नड. पावसाळ्यात पहाटे येणं जमत नाही म्हणून बऱ्याच जणी घरी आसनं करून मोबाईलवर व्हिडिओ काढतात नि काकूंना पाठवतात. काकू रात्री जेवणं आटोपल्यावर एकेक बघून व्हॉइस मेसेज पाठवतात. त्यांचे डोळे दुखायला लागले, तेव्हा मी म्हटलं की सांध्यांचे कोन मोजणारं काहीतरी करून देतो. सरळ सरळ चुका ते दाखवेल, बाकीचं तुम्ही बघा.

पायथॉनमध्ये `mediapipe` वापरलंय. ते प्रत्येक फ्रेममध्ये शरीरावरचे ३३ बिंदू देतं. उजव्या पायासाठी मी खुबा २४, गुडघा २६ आणि घोटा २८ हे बिंदू घेतले आणि गुडघ्यापाशी होणारा कोन काढला. पूर्ण सरळ पाय म्हणजे १८०. त्रिकोणासनात १७० च्या खाली गेला तर "गुडघा वाकलाय, सरळ करा" असा मेसेज जातो, नाहीतर "ठीक".

```python
def kon(a, b, c):
    u, v = a - b, c - b
    k = u @ v / (np.linalg.norm(u) * np.linalg.norm(v))
    return np.degrees(np.arccos(k))
```

आता अडचण सांगतो. कॉलेजात जाणारी एक मुलगी आहे (तिला विचारूनच लिहितोय, व्हिडिओ मात्र इथं टाकणार नाही). उजवीकडच्या त्रिकोणासनात तिच्या पुढच्या गुडघ्याचा कोन १७१ आला, म्हणजे "ठीक". काकूंनी एकदाच बघितलं नि म्हणाल्या, "ठीक कसलं? तो गुडघा चुकलाय." काय चुकलंय विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्या मशीनला विचार." आता मशीनला काय विचारू?

---

गुडघेवाले_अण्णा

१७१ म्हणजे फारच लवचिक मुलगी म्हणायची! माझं मागच्या वर्षी गुडघा बदलायचं ऑपरेशन झालं. फिजिओथेरपीच्या बाई दर आठवड्याला प्लास्टिकचा कोनमापक लावायच्या. ९० पासून सुरुवात केली आणि आता १२० पर्यंत येतोय. १७१ कसं करते ती? माझ्या बायकोला पटतच नाही.

---

कॅम्पातला_कोडर

अण्णा, तुमचा आकडा वेगळा. तुमच्याकडे सरळ पाय म्हणजे शून्य, आणि जितका वाकेल तितके अंश वाढत जातात. निखिलकडे सरळ पाय म्हणजे १८०. तुमचे १२० म्हणजे त्याच्या हिशेबानं ६०. तिचा पाय जवळपास सरळच आहे.

निखिल, तुझी चूक मला दिसली. `mediapipe` जे `x` आणि `y` देतं ते ० ते १ मधले असतात. `x` ला फ्रेमच्या रुंदीनं भागलेलं असतं आणि `y` ला उंचीनं. व्हिडिओ आडवा, १९२० बाय १०८० चा असेल तर एक एकक रुंदी नि एक एकक उंची सारखी राहत नाही. चित्र दोन्ही बाजूंनी दाबून चौकोनी केल्यासारखं होतं आणि त्यावर तू कोन मोजतोयस. आधी `x` ला १९२० नं आणि `y` ला १०८० नं गुण, मग कोन काढ.

ही चूक लवकर सापडत नाही याचं कारण सांगतो. वीरभद्रासन दोनमध्ये नडगी उभी आणि मांडी आडवी असली की कोन ९०, आणि तो दाबलेल्या चित्रातही ९० च राहतो, कारण दोन्ही रेषा फ्रेमच्या कडांना समांतर असतात. पण जी बाई पुरेशी खाली बसलीच नाही, जिचा खरा कोन १२० आहे, तिचा आडव्या व्हिडिओत १३६ येईल आणि मोबाईल उभा धरून काढलेल्या व्हिडिओत १०८. म्हणजे ज्यांचं आसन बरोबर त्यांचा आकडा बरोबर, आणि ज्यांचं चुकलंय नेमका त्यांचाच आकडा चुकीचा. टेस्टिंगला चांगल्या आसनाचेच फोटो घेतले तर सगळं कसं झकास चाललंय असं वाटत राहतं.

आणि ट्रायपॉड सरळ होता का बघ. मोबाईल थोडा तिरका असला तरी गुडघ्याचा कोन बदलतो.

---

शहापूरकर_निखिल

धन्यवाद दादा. गुणून बघितलं. पण आता भलतंच झालं. १७१ चा १६८ झाला! म्हणजे आधी "ठीक" म्हणणारा प्रोग्राम आता "गुडघा वाकलाय, सरळ करा" म्हणतोय. काकूंना दाखवलं तर त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अरे ती सरळच जास्त करूलेय की! अजून सरळ कर म्हटलास तर गुडघाच जायचा तिचा."

त्या फ्रेममधले पिक्सेल देतो, कुणाला काही दिसतंय का बघा. डावा वरचा कोपरा शून्य, `y` खाली वाढतो. ती कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी आहे, उजवं पाऊल पूर्ण बाहेर वळवलेलं, म्हणजे चित्रात बोटं डाव्या हाताला.

खुबा (९३०, ५६०)
गुडघा (८०४, ७६०)
घोटा (६४०, ९३०)

---

मोजपट्टी

काकू बरोबर आहेत आणि प्रोग्रामचा १६८ सुद्धा एका अर्थानं बरोबर आहे. गोम वेगळीच आहे.

कागद घ्या आणि तिन्ही बिंदू मांडा. खुबा ते घोटा सरळ पट्टी ठेवून रेषा ओढा. गुडघ्याच्या उंचीला, म्हणजे `y` ७६० ला, ती रेषा `x` ७७३ च्या आसपास जाते. गुडघा मात्र ८०४ वर आहे, म्हणजे रेषेपासून ३१ पिक्सेल उजवीकडे. बोटं कुठं आहेत? डावीकडे. गुडघा वाकतो तेव्हा तो बोटांच्या बाजूला पुढे येतो. इथं तो टाचेच्या बाजूला, रेषेच्या मागे गेलाय. ह्याला वाकणं म्हणत नाहीत. गुडघा मागच्या बाजूला उलटा ताणला गेलाय.

आता तुमचं `arccos` बघा. ते दोन रेषांमधला लहान कोन देतं, ० ते १८० च्या आतला. १८० च्या पलीकडचा कोन त्याला माहीतच नाही. गुडघा १२ अंश पुढे वाकला तरी १६८, आणि १२ अंश मागे गेला तरी १६८. खरा कोन १९२ आहे आणि तो १८० च्या रेषेवर घडी घातल्यासारखा उलटून १६८ झालाय. तुमच्या प्रोग्रामला दोन एकमेकांच्या विरुद्ध चुका एकच वाटतात आणि दोन्हींवर तो एकच औषध देतो. गुडघा वाकवणाऱ्या बाईला ते लागू पडतं, ह्या मुलीला ते अपायाचं आहे.

गंमत अशी की आधीची मोजणी चुकलेली होती म्हणून चित्र दाबलं जाऊन १७१ आला आणि निदान अपायाचा मेसेज तरी गेला नाही. कोडरांची दुरुस्ती योग्यच आहे, ती काढू नका. तिच्यामुळे मागचा दोष उघडा पडला इतकंच.

उपाय म्हणजे कोनाला दिशा द्यायची. दोन्ही रेषांची दिशा `atan2` नं काढायची नि वजाबाकी करायची. मग पाऊल कुठं तोंड करून आहे ते टाच आणि बोटांच्या बिंदूंवरून ठरवायचं. उजव्या पायाची टाच ३०, बोट ३२. डाव्याची २९ आणि ३१.

```python
def gudgha(khuba, gudgha, ghota, tach, bot):
    v1 = math.atan2(khuba[1]-gudgha[1], khuba[0]-gudgha[0])
    v2 = math.atan2(ghota[1]-gudgha[1], ghota[0]-gudgha[0])
    k = math.degrees(v2 - v1) % 360
    return k if bot[0] < tach[0] else 360 - k
```

१८० च्या खाली म्हणजे वाकलाय, वर म्हणजे मागे गेलाय. पाय उजवा की डावा हे विचारायची गरज नाही. सेल्फी कॅमेऱ्यानं चित्र आरशासारखं उलटं दिलं तरी चालेल, कारण टाच आणि बोटं त्याबरोबरच उलटतात. तुमचे आकडे घातले तर १९१.८ येतात.

कोडरांच्या एका मुद्द्याला मात्र हरकत. मोबाईल तिरका धरला, म्हणजे चित्र डाव्या-उजव्या हाताला कललं, तर तीन बिंदूंमधला कोन बदलत नाही, सगळंच एकत्र फिरतं. कलण्याचा फरक पडतो तो "धड जमिनीशी किती अंशात आहे" असं काही मोजत असाल तर. गुडघ्याला धोका कॅमेरा बाजूला सरकल्याचा आहे, म्हणजे समोरून न घेता कोपऱ्यातून व्हिडिओ घेतला तर.

---

कॅम्पातला_कोडर

मान्य, कलण्याचं घाईत लिहिलं. आणि `arccos` वरून माझीही नजर सरळ पुढे गेली.

पण बाजूला सरकण्याचा प्रश्न आहेच ना? मग सोपा उपाय आहे. `pose_world_landmarks` वापर. त्यात मीटरमध्ये तिन्ही दिशांचे आकडे मिळतात, `z` सुद्धा. तीन मितींत कोन काढला की कॅमेरा कुठेही असू दे, फरक पडणार नाही.

---

मोजपट्टी

तिथं जरा जपून. एकाच कॅमेऱ्यातून खोली मोजता येत नाही, तिचा अंदाज बांधावा लागतो. ते `z` मॉडेलनं "माणसं साधारण अशी उभी राहतात" ह्या शिकवणीवरून बांधलेलं असतं. बैठक, चालणं, हात वर करणं अशा ढोबळ गोष्टींना चालून जातं. इथं आपण शोधतोय दहा-बारा अंशांचा उलटा ताण, जो बहुतेकांच्या गुडघ्यात नसतोच. अशा ठिकाणी अंदाज नेहमीच्या माणसाकडे झुकायची भीती जास्त. शिवाय तीन मितींत पुन्हा `arccos` च लावणार, म्हणजे घडीचा घोळ आहे तिथंच.

त्यापेक्षा कॅमेरा नीट ठेवणं स्वस्त पडतं. मोबाईल कमरेच्या उंचीला, शक्य तितका लांब, बाई फ्रेमच्या मधोमध, आणि `0.5x` वाली रुंद लेन्स अजिबात नको. ती कडेच्या गोष्टी ताणते आणि त्रिकोणासनात पाय नेमके कडेलाच जातात.

आणि एकाच फ्रेमवर निकाल देऊ नका. तुमच्या आकड्यांत मांडी आणि नडगी दोन्ही साधारण २३६ पिक्सेल लांब आहेत. गुडघ्याचा बिंदू आडवा ५ पिक्सेल ढळला तर कोन दोन-अडीच अंशांनी बदलतो, आणि सैल सलवारीत ५ पिक्सेल म्हणजे काहीच नाही. आसनात उतरतानाचा नि बाहेर येतानाचा भाग सोडा, मधला स्थिर काळ घ्या आणि त्यातल्या सगळ्या फ्रेमच्या कोनांचा मध्यक काढा. सरासरी नको. एखाद्या फ्रेममध्ये बिंदू दुसऱ्या पायावर उडी मारतो आणि सरासरीची वाट लागते.

---

टिळकवाडी_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बेळगावातच. चर्चा चांगली चाललीय, पण मला १९२ वर लगेच विश्वास ठेवावासा वाटत नाही.

तुमच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलीय, की गुडघा ज्या पातळीत वाकतो ती पातळी चित्राला समांतर आहे. पाऊल बाहेर वळलं म्हणून गुडघा वळलाच असं नसतं. पुष्कळ जणी पाऊल तेवढं वळवतात, मांडी खुब्यातून वळतच नाही, आणि गुडघ्याची वाटी अर्धवट कॅमेऱ्याकडे बघत राहते. मग तुम्हाला दिसणारा कोन थोडा मागे जाण्याचा आणि थोडा आडवा झुकण्याचा अशी मिसळ असते. समोरून बघितलं तर खुबा-गुडघा-घोटा ही रेषा तशीही काटेकोर सरळ नसते, बायकांमध्ये तर थोडी जास्तच आत झुकलेली असते. तेव्हा आधी व्हिडिओ थांबवून बघा की वाटी कुठं बघतेय. ती पायाच्या बोटांच्या दिशेला असेल तरच तुमचा आकडा गुडघ्याच्या मागे जाण्याचा.

दुसरं. ती कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी आहे आणि पाय बाहेर वळवलेला आहे, म्हणजे कॅमेऱ्याला त्या पायाची आतली बाजू दिसतेय. आम्ही कोनमापक लावतो तो पायाच्या बाहेरच्या बाजूनं, कारण हाताला लागणारी हाडं तिकडे आहेत. खुब्याशी मांडीच्या बाहेर एक टणक उंचवटा लागतो, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुसरा, आणि घोट्याचं बाहेरचं हाड. असं करा, व्हिडिओ एकदा पाठीमागून घ्या. अंगाला बसणारी लेगिंग घालायला सांगा आणि ह्या तीन ठिकाणी मोठ्या टिकल्या चिकटवा, गडद कपड्यावर पांढऱ्या. मग `Kinovea` मध्ये फ्रेम थांबवून त्या तीन टिकल्यांवर हातानं कोन मोजा. सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोजवर चालतं. तो आकडा आणि तुमच्या प्रोग्रामचा आकडा शेजारी ठेवा.

आणि तिला साधं उभं करून कडेनंही एक फोटो काढा. आम्ही सांध्यांचा सैलपणा तपासतो तो बेटन स्कोअरनं, नऊ गुणांचा असतो. त्यात गुडघा १० अंशांच्या पलीकडे मागे गेला तर त्या बाजूचा एक गुण. तिचा गुडघा नुसतं उभं राहिल्यावरही तेवढाच मागे जात असेल तर ते तिच्या शरीराची ठेवण आहे, त्रिकोणासनातली चूक नव्हे. तसं असेल तर त्रिकोणासनात तिला सूचना द्यायची ती वेगळी.

---

जुना_साधक

मुलांनो, वाचतोय. ह्या सगळ्याला टिकली, पायथॉन नि पिक्सेल कशाला लागतात हे मला कळत नाही. आमच्या गुरुजींना गुडघ्याच्या मागच्या शिरा बघूनच कळायचं. अय्यंगार पद्धतीत पहिल्याच दिवशी सांगतात, वाटी वर ओढा, गुडघा मागे ढकलू नका. दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि नव्या माणसाला त्या एकच वाटतात. मागे ढकलला की मांडी ढिली पडते आणि सगळा भार गुडघ्याच्या मागे लोंबकळतो. वाटी ओढली की मांडीचा स्नायू पकडतो. तुमच्या कॅमेऱ्याला स्नायू पकडलाय की नाही ते दिसतं का?

जाता जाता, अय्यंगारांना पुण्याला नेण्यात ज्यांचा हात होता ते डॉ. गोखले त्याआधी बेळगावचे सिव्हिल सर्जन होते. १९३७ ची गोष्ट. आपल्या गावाला ह्याचं कुणी सांगत नाही म्हणून लिहिलं. विषयांतराबद्दल क्षमस्व.

---

मोजपट्टी

काका, नाही दिसत. स्नायू पकडलाय की नाही हे बिंदूंवरून कळणार नाही. हाडांची रेषा तेवढी कळते. तो भाग काकूंचाच.

---

खानापूर_एक्सप्रेस

माझा वेगळाच प्रश्न आहे, चालेल का? वडील ६८ वर्षांचे, पश्चिमोत्तानासन करतात आणि पाठ कासवासारखी गोल करून डोकं गुडघ्याला टेकवतात. शिक्षक सांगतात की कमरेतून वाका. मी निखिलसारखंच करून खांदा-खुबा-गुडघा हा कोन काढला. पहिल्यापेक्षा कोन लहान आला, म्हणजे ते जास्त वाकले असं दिसतं. वडील खूश. शिक्षक नाखूश.

---

मोजपट्टी

दोघंही आपापल्या जागी खरे. त्या ३३ बिंदूंमध्ये पाठीच्या कण्यावर एकही बिंदू नाही. खांदा आहे नि खुबा आहे, मधली पाठ सरळ आहे की गोल आहे हे त्याला दिसतच नाही. पाठ गोल केली की खांदा खाली येतो आणि कोन लहान होतो. खुब्यातून वाकलं तरी कोन लहान होतो. तुमच्या आकड्यात दोन्ही मिसळलेत आणि ते वेगळे करायचा मार्ग त्या बिंदूंत नाही. पाठीच्या कडेची बाह्यरेषा काढून तिचा बाक मोजावा लागेल, तो वेगळा उद्योग आहे. तोवर शिक्षकांचं ऐका.

---

खानापूर_एक्सप्रेस

म्हणजे वडिलांना सांगायचं काय? ते तो आकडा सगळ्या वाड्यात सांगत सुटलेत.

---

शहापूरकर_निखिल

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लाइट नव्हती म्हणून उशीर झाला.

मोजपट्टी सरांचं फंक्शन घातलं, आणि मधल्या स्थिर काळाचा मध्यक घेतला. त्याच जुन्या व्हिडिओचा कोन १९१ आला. मग फिजिओताईंनी सांगितल्याप्रमाणं ती मुलगी वर्गावर आली तेव्हा काकूंनी स्वतः चाचपून हाडांवर टिकल्या लावल्या. खुब्याची जागा सापडायला वेळ लागला. ताई, त्यावर एक प्रश्न आहे, खुब्याची टिकली कपड्यावर असते, ती वाकल्यावर सरकते ना? उभं असताना लावलेली टिकली त्रिकोणासनात बघितली तर दोन बोटं तरी वर गेली होती. शेवटी आसनात उतरल्यावर काकूंनी ती काढून पुन्हा लावली.

पाठीमागून घेतलेल्या व्हिडिओत `Kinovea` वर हातानं मोजला तर १८८. त्याच व्हिडिओवर प्रोग्राम १९१ म्हणतो. वाटी बोटांच्या दिशेलाच आहे, हे काकूंनी समोर बसून बघितलं. साधं उभं राहून कडेनं काढलेल्या फोटोत १८६.

काकूंना हे आकडे सांगितले. त्यांचं म्हणणं असं की ती उभी राहतानाच गुडघे मागे लोटून उभी राहते, बसची वाट बघतानासुद्धा. त्रिकोणासनात हात घोट्याला लावायच्या नादात ते अजून वाढतं. त्यांनी तिला विटेएवढा लाकडी ठोकळा हाताखाली दिला. हात ठोकळ्यावर आल्यावर पुन्हा व्हिडिओ घेतला, तर प्रोग्रामचा आकडा १८४.

आता मेसेज बदललाय. १७० च्या खाली जुनाच मेसेज. १८५ च्या वर "वाटी वर ओढा, गुडघा मागे लोटू नका, हाताखाली ठोकळा घ्या". कन्नड बायकांसाठी "मोणकालु स्वल्प सडिल माडि", म्हणजे गुडघा थोडा सैल करा. कन्नड वाक्याला काकूंच्या एका विद्यार्थिनीनं हरकत घेतलीय. तिच्या मते सडिल म्हटलं तर बायका गुडघा थेट वाकवूनच टाकतील.

---

टिळकवाडी_फिजिओ

खुब्याची टिकली सरकतेच, त्याला इलाज नाही. आसनात उतरल्यावर पुन्हा लावली ते उत्तम केलं. १८८ आणि १९१ मधला फरक मला तरी त्या टिकलीचा वाटतो, किंवा प्रोग्राम खुबा थोडा आतल्या बाजूला धरतो त्याचा. दोन्हींपैकी कुठला, हे एका मुलीवरून ठरणार नाही.

पण १८५ ची सीमा मला कडक वाटते. तुमच्या प्रोग्रामला दोन-तीन अंशांची चूक सहज होते, आणि उभं असताना ज्यांचा गुडघा पाच अंश मागे जातो अशा निरोगी बायका पुष्कळ आहेत. त्या सगळ्यांना रोज मेसेज जाईल. मी असते तर प्रत्येकीचा उभं राहतानाचा कोन आधी घेतला असता आणि आसनात त्यापेक्षा किती जास्त जातो तेवढंच बघितलं असतं. ह्या मुलीचा उभा १८६, आसनात १९१, म्हणजे वाढ ५. तिथं सूचना द्यावी.

---

मोजपट्टी

वाढ बघायची कल्पना चांगली, पण त्यात अडचण आहे. उभ्या फोटोत एक चूक, आसनात दुसरी चूक, आणि वजाबाकीत दोन्ही एकत्र येतात. ५ अंशांची वाढ मोजायला तुमची मोजणी जितकी पक्की हवी तितकी ती नाही. मी सीमा १८८ वर नेईन आणि दोन वेगळ्या दिवसांच्या व्हिडिओत ओलांडली तरच मेसेज पाठवीन.

---

टिळकवाडी_फिजिओ

१८८ धरली तर ह्या मुलीला हातानं मोजलेल्या आकड्यावर मेसेज जाणारच नाही, आणि हिच्यासाठीच तर हे सगळं सुरू झालं.

---

शहापूरकर_निखिल

सध्या असं केलंय. १८५ ते १९० च्या मध्ये असेल तर बाईंना मेसेज न जाता काकूंना जातो, व्हिडिओतल्या त्या जागेसकट, म्हणजे त्या स्वतः बघतील. १९० च्या वर थेट बाईंना. पहिल्या रात्री काकूंकडे चार व्हिडिओ आले. त्यातले दोन त्यांनी चूक म्हणून धरले, एक ठीक म्हटला, आणि चौथ्यात बाईंनी साडी नेसून आसन केलं होतं. तिथं प्रोग्रामनं गुडघा निऱ्यांमध्येच कुठेतरी धरला होता. साडीवाल्यांचं काय करायचं कुणी सुचवा. `visibility` चा आकडा बघून गाळावं म्हटलं तर तो त्या फ्रेममध्येही ०.९ च्या वर आहे.

---

कॅम्पातला_कोडर

`visibility` वर जाऊ नकोस, कापडाखालचा गुडघाही तो बिनधास्त दिसतोय म्हणून सांगतो. त्यापेक्षा स्थिर काळातल्या फ्रेममध्ये मांडी नि नडगीच्या लांबीचं गुणोत्तर बघ. एकाच बाईचं ते फारसं बदलायला नको. निऱ्यांत गुडघा वर-खाली सरकत असेल तर गुणोत्तर नाचेल, तो व्हिडिओ थेट काकूंकडे टाक. उद्या कोड लिहून देतो. साडीतला एखादा व्हिडिओ त्या बाईंना विचारून मला पाठव.